शब्दचर्चा: ‘अंतिम मूल्य प्रमेय’ यातलं ‘अंतिम’ किती खरं?

सात रस्ता: डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढायलोय. इनिशियल व्हॅल्यू थिअरमला ‘आरंभमूल्य प्रमेय’, फायनल व्हॅल्यू थिअरमला ‘अंतिम मूल्य प्रमेय’ असं लिहिलंय. दोन्हीत sF(s) घ्यायचं, एकात s→∞, दुसऱ्यात s→0. इन्व्हर्स काढायची कटकट नाही. जुळी भावंडं म्हणून एकाच पानात उरकली तर चालेल ना?

विजापूर वेस: चालेल की. फक्त दोन्हींना एकच अट लिहा: सगळे पोल डाव्या बाजूला हवेत.

होटगी रोड: जुळी नकोत, आणि अटही दोन ठिकाणी चुकतेय. आधी एक उदाहरण करून बघा. प्लांट K/(s(s+1)(s+2)), युनिटी फीडबॅक, इनपुट एकक स्टेप. K = 10 घेतला की

Y(s) = 10 / (s(s³ + 3s² + 2s + 10))

आता sY(s) मध्ये s = 0 घाला. उत्तर 1. म्हणजे आउटपुट बरोबर मागितलं तिथं जाऊन बसलं, एरर शून्य. पेपरात मुलं एवढ्यावर थांबतात आणि खाली दोन रेघा मारतात.

पण छेदातल्या घनाची मुळं काढा: एक साधारण −3.31, उरलेली दोन 0.155 ± j1.73. म्हणजे साडेतीन-पावणेचार सेकंदांना एक झोका, आणि दर साडेचार सेकंदांना झोक्याची उंची दुप्पट. आउटपुट 1 वर कधीच बसत नाही. राउथ लावला तर मुळं न काढताच कळतं: 3 × 2 = 6, K त्याच्या खाली हवा. K = 5 ला पण उत्तर 1 च येतं, आणि तेव्हा ते खरं असतं. दोन्ही वेळा आकडा तोच, म्हणून नुसता आकडा बघून काही कळत नाही. राउथ आधी, प्रमेय नंतर.

सात रस्ता: मग 1 आला कुठून?

होटगी रोड: e^(0.155t) सारखा फुगणारा भाग सिग्नलमध्ये असला, की लाप्लासचा इंटिग्रल s ची किंमत 0.155 च्या पुढे असतानाच बसतो. s = 0 वर इंटिग्रल नाहीच. कागदावरचं सूत्र मात्र तिथंही आकडा देतं. त्या आकड्याचा सिग्नलशी संबंध उरलेला नसतो.

विजापूर वेस यांच्या अटीबद्दल: पोल Y(s) चे नाही, sY(s) चे बघायचे. स्टेपमुळे शून्यावर आलेला एक पोल s नं गुणल्यावर कटतो. Y(s) चेच बघितलेत तर K = 5 चं चांगलं उदाहरणही बाद होईल. शिवाय आरंभमूल्याला ही अट लागतच नाही. K = 10 लाही s→∞ नेलं की y(0+) = 0 येतं, आणि ते खरं आहे. पुढं काय फुगणार याच्याशी पहिल्या क्षणाचा संबंध नाही. s³ नं आणखी गुणून s→∞ न्या, तिसरा डेरिव्हेटिव्ह 10 मिळतो. म्हणजे सुरुवात (10/6)t³ सारखी, अगदी आळसावलेली.

अक्कलकोट रोड: आमच्याकडं टॉवेलच्या डाईंगच्या टाकीचं तापमान पीएलसीवर येतं, म्हणजे z. तिथं s→0 च्या जागी z→0 ठेवायचं ना? खोलीच्या तापमानापेक्षा किती वाढ, ते असं आहे: 12z/((z−1)(z−0.8)).

होटगी रोड: नाही. s = 0 ची जागा z = 1 घेतो, आणि s च्या जागी (z−1) नं गुणायचं. 12/0.2 = 60 अंश वाढ. 0.8 चा पोल एकक वर्तुळाच्या आत आहे, म्हणून हे ग्राह्य. z→0 ठेवलं तर शून्य येईल, आणि टाकी तापतच नाही असं वाटेल. सुरुवातीसाठी z→∞ नेताना कशानंही गुणायचं नाही.

सात रस्ता: आणि आरंभमूल्याला अटच नाही काय?

होटगी रोड: आहे, वेगळी. (2s+7)/(s+3) घ्या. sF(s) सरळ अनंताला जातं. अंशाची घात छेदाएवढी आहे, म्हणून आधी भागाकार: 2 + 1/(s+3). तो 2 म्हणजे t = 0 वरचा इंपल्स, तो बाजूला काढा. उरलेल्याचं 1 येतं, तेच f(0+). म्हणून ‘आरंभ’ लिहाल तिथं 0+ जरूर लिहा. स्विच टाकायच्या आधीची किंमत हे प्रमेय देत नाही.

विजापूर वेस: पोलचं पटलं. पण मग ‘अंतिम’ हाच शब्द फसवतोय. 4/(s²+4) ला शून्य येतं आणि सिग्नल 2 sin 2t, कायम हेलकावणारा. ‘स्थिरमूल्य प्रमेय’ म्हटलं तर मुलं आधी विचारतील, स्थिर होतंय का?

होटगी रोड: तिथलं शून्य म्हणजे हेलकाव्याची सरासरी, शेवट नव्हे, हे खरं. पण रॅम्पचं काय? 1/s² ला अनंत येतं, आणि सिग्नल खरंच अनंताला जातो. त्याला ‘स्थिर’ म्हणणार?

विजापूर वेस: अनंत हे मूल्यच नाही, रॅम्प प्रमेयाच्या बाहेर ठेवा.

सात रस्ता: तूर्त ‘अंतिम’ ठेवतो, शेजारी राउथची ओळ घालून. रॅम्प आत घ्यायचा की बाहेर, ते तुम्ही दोघं ठरवा.