आभाराच्या चिठ्ठीत प्रसंग का हवा
"मुलाच्या बाईंना लिहिलेली आभाराची चिठ्ठी मलाच छापील वाटते आहे. काय बदलू?"

"आपण मुलांसाठी खूप मेहनत घेता, मनःपूर्वक आभार" हे वाक्य कोणत्याही शाळेतील कोणत्याही शिक्षिकेला चालेल, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते. त्याऐवजी असे लिहून पाहा: "त्याची हातच्याची वजाबाकी चुकत होती, तेव्हा आपण मधल्या सुट्टीत दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवलात, आता तो धाकट्या बहिणीला तसेच शिकवतो." यात बाईंची कृती, त्यासाठी मोडलेली त्यांची सुट्टी आणि त्यांना एरवी न दिसणारा घरचा परिणाम आहे, लक्ष दिल्याशिवाय हे लिहिता येत नाही. मग "अप्रतिम", "आदर्श" ही विशेषणे (मोह होतोच) गाळावीत. प्रसंग धड आठवत नसेल तर मुलाला विचारावे, रचू मात्र नये, कारण वर्गात काय घडले ते बाईंना ठाऊक असते.