मदत हवी आहे: कुर्ता अल्टर करताना मुंढा बिघडतोय

ताई-दादांनो, आम्ही गुहागरचे. मुंबईहून भावाने बाबांसाठी सुती कुर्ता पाठवला, पण तो त्यांना झोळीसारखा होतोय. गणपतीत आरतीला झांज घेऊन उभे राहणार, म्हणजे हात मोकळा हलायला हवा.

कुर्त्याची छाती ४६ आहे, मला ४२ हवी. म्हणून दोन्ही कुशीची शिलाई एक-एक इंच आत घेतली. फक्त अंग आत घेतलं तर मुंढा लहान होतो आणि बाही तेवढीच राहते, म्हणून बाहीची शिवणही बगलेपासून तेवढीच आत घेऊन खाली उतरवली. इथवर जमलं.

अडलंय ते खांद्यावर. खांदा पाऊण इंच बाहेर लोंबतो. उजवी बाही उसवली, खांद्याच्या टोकाला पाऊण इंच आत खूण केली आणि मुंढ्याच्या निम्म्यापर्यंत रेघ जुन्या शिवणीला मिळवली. बगलेला हात लावला नाही. आता टेपने मुंढा २० भरतो, बाहीचा गोल मात्र २०.७५. कच्च्या टाक्यावर घालून बघितलं तर माथ्याशी चुण्या पडतात, आणि झांजेसाठी हात पुढे केले की पाठ ताणते.

पाठीकडून कमी आत घ्यायला हवं होतं का? आणि बाहीचा माथा थोडा उतरवू, की मुंढाच वाढवू? मुंढा खाली खोदला तर हात वर करताना अख्खा कुर्ता उचलला जाईल, अशी मला भीती वाटते. कात्री अजून लावलेली नाही.