आर्टिकलच्या मुलाला लेखी अभिप्राय: मराठीत लिहिला की रागावल्यासारखा का वाटतो?

ऑफिसातली ताई: आमच्या सीए ऑफिसात आर्टिकलशिपचा मुलगा आहे, गावाकडचा, हुशार. त्याच्याबद्दल इंग्रजीत ‘लॅक्स अटेन्शन टू डिटेल’ असं लिहिलं. त्याला नीट समजावं म्हणून मराठीत केलं, तर ‘तू कामात लक्ष देत नाहीस’ असं झालं. हे कसं देऊ?

जुना हिशेबनीस: नेमकं चुकलं काय ते लिहा, बोच आपोआप कमी होईल. काय झालं होतं?

ऑफिसातली ताई: खरेदी रजिस्टरमधलं जीएसटीचं क्रेडिट टू-बीपेक्षा, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर येणाऱ्या यादीपेक्षा, 18,000 ने जास्त होतं. त्याने समोर ‘टायमिंग’ असा शेरा मारला आणि पुढे गेला. मी पाहिलं तर पुरवठादाराने ते बिल बी-टू-सीमध्ये, म्हणजे जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकांच्या विक्रीत टाकलेलं. म्हणजे पुढच्या महिन्यातही आलं नसतं.

कोथरूडकर: सरळ अहो-जाहो करा. ‘तुम्ही’ म्हटलं की काही बोचत नाही.

जुना हिशेबनीस: रोज ‘अरे’ म्हणता आणि कागदावर एकदम ‘आपण’? पोराला मेमो मिळाल्यासारखं वाटेल. मी असं लिहीन:

‘रजिस्टर वेळेत पूर्ण केलंस, म्हणून हा फरक थ्री-बी रिटर्न भरण्याआधी सापडला. त्यापुढे टायमिंग असा शेरा आहे, पण पुरवठादाराला विचारल्याची नोंद दिसली नाही. बिल बी-टू-सीमध्ये गेलं होतं. त्याने त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, जीएसटीआर-वनमध्ये, दुरुस्ती केल्याशिवाय ते आपल्या टू-बीत येणार नाही. यापुढे 14 तारखेला टू-बी आलं की बिलवार जुळव, न आलेल्या प्रत्येक बिलापुढे फोनची तारीख लिही आणि 18 ला मला दाखव.’

रोखठोक: ‘नोंद दिसली नाही’ म्हणे! कोणाला दिसली नाही, कोणी केली नाही? पोरगं म्हणेल, ऑफिसात कोणीतरी विसरलं असेल. ‘तू विचारलं नाहीस’ म्हणायला काय हरकत आहे? खरंच आहे ते.

जुना हिशेबनीस: त्याने विचारलं की नाही हे ताईंना कुठे माहीत आहे? कदाचित फोन केला असेल, लिहिलं नसेल. जे दिसलं तेवढंच लिहायचं. पुढच्या कामात मात्र ‘जुळव, लिही, दाखव’ असं थेट त्यालाच म्हटलंय. तिथे मऊपणा नको.

चाकणची: आमच्या साहेबांनी एकदा ‘जमलं तर बघ’ असं लिहिलं होतं. मला जमलं नाही, म्हणून केलं नाही. नंतर अप्रेझलला तेच काढलं! मला अजून राग आहे.

रोखठोक: बरं, 18 तारखेचं पटलं. पण पहिलं कौतुक काढा. पुढचा फटका येतोय हे मुलांना लगेच कळतं.

ऑफिसातली ताई: रजिस्टर त्याने खरंच वेळेत दिलं होतं. ते ठेवते, ‘लक्ष देत नाहीस’ काढते. कागद द्यायच्या आधी तोंडी सांगू का?

जुना हिशेबनीस: हो, आणि आधी विचारा, फोन केला होतास का?

रोखठोक: आधी कागद द्या. तोंडी सांगितलं की तुम्हीच विरघळाल.