'युअर काइंड पेरुझल'मधला 'काइंड' कुठून आला?

रातराणी
आमच्या गटाच्या प्रमुख एडिनबरोला असतात. वयाने माझ्या आईएवढ्या, हुद्द्याने माझ्याहून तीन पायऱ्या वर. गेल्या सोमवारी मी त्यांना अहवालाचा कच्चा मसुदा पाठवला. सोबतचा मेल लिहायला चाळीस मिनिटं लागली. सलग वाचता यावा म्हणून तो इथे देवनागरीत उतरवते:

'रिस्पेक्टेड मॅडम, होप यू आर इन गुड हेल्थ. मॅडम, आय वुड लाइक टु हम्बली इन्फॉर्म यू दॅट आय हॅव कम्प्लीटेड द ड्राफ्ट रिपोर्ट अँड द सेम इज अटॅच्ड हिअरविथ फॉर युअर काइंड पेरुझल. आय नो यू आर व्हेरी बिझी, बट आय रिक्वेस्ट यू टु काइंडली स्पेअर सम ऑफ युअर व्हॅल्युएबल टाइम अँड प्लीज गो थ्रू इट अँड गिव्ह युअर व्हॅल्युएबल गायडन्स. सॉरी फॉर द डिस्टर्बन्स, मॅडम. काइंडली एक्स्क्यूज मी फॉर एनी मिस्टेक. थँकिंग यू इन अँटिसिपेशन.'

उत्तर एका ओळीचं आलं: 'थँक्स. व्हॉट वुड यू लाइक मी टु डू विथ इट?' मला वाटलं, रागावल्या. लिहिताना माझ्या मनात सरळ मराठी वाक्यं होती: 'मसुदा आपल्या अवलोकनार्थ सादर करीत आहे. आपण कृपया वेळ काढून मार्गदर्शन करावे ही विनंती.' हे मराठीत कुणाला खटकत नाही. मग इंग्रजीत नेमकं काय जास्त झालं आणि त्यातलं काय काढायचं?

कोरा कागद
'रिव्हर्ट बॅक', 'डिस्कस अबाउट', 'प्रीपोन' हे शब्द आधी काढा. आमच्याकडे नव्या मुलांना मी ही यादीच देतो. निम्मं काम तिथेच होतं.

रातराणी
पण माझ्या मेलमध्ये यातला एकही शब्द नाही. माझा प्रश्न चुकीच्या शब्दांचा नाही, आदराचा आहे.

सातारी कंदील
हा मराठीचा दोषच नाही. साहेबाच्या कचेरीतून आलेली सवय आहे. इंग्रज अधिकारीच पत्राखाली 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' लिहायचे. 'डू द नीडफुल'सुद्धा त्यांचंच. त्यांनी सोडलं, आपण धरून बसलो. मराठी माणूस मुळात रोखठोक लिहिणारा.

उंबरठा
कंदील, पहिला भाग बरोबर आहे. ही दोन्ही वाक्यं जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारातली आहेत आणि आपल्याकडच्या कचेऱ्यांत टिकून राहिली. पण मराठी पत्र रोखठोक होतं, हे मात्र खरं नाही. पेशवाईतली पत्रं पाहा, 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असं म्हटल्याशिवाय मजकुराला हात घालत नाहीत. त्याच घराण्यातलं 'स. न. वि. वि.' आपण शाळेत मुख्याध्यापकांना लिहिलेल्या अर्जात घातलंय. म्हणजे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले. कचेरीतला 'काइंड पेरुझल' आपल्याला लगेच आपला वाटला, कारण 'अवलोकनार्थ सविनय सादर' आपल्या कानात आधीच होतं.

पण रातराणी यांचा खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जे मराठीत खटकत नाही ते इंग्रजीत का खटकतं? मी बरीच वर्षं दोन्ही दिशांनी भाषांतर केलंय, त्यावरून सांगतो.

मराठीत आदर क्रियापदाच्या पोटात असतो. 'साहेब आले', 'आपण पाहिलंत' यातलं अनेकवचन म्हणजे आदर. 'करावे', 'कळवावे', 'पाहावे' यातला 'आवे' म्हणजे मऊपणा. हा मऊपणा वेगळ्या शब्दाने आणावा लागत नाही, प्रत्ययातच येतो. आता हेच वाक्य इंग्रजीत न्यायला घेतलं की हाताशी 'सी' आणि 'गिव्ह' एवढीच उघडी क्रियापदं राहतात. ती आपल्या कानाला 'बघ', 'दे' अशी ऐकू येतात. थोरल्या माणसाला 'दे' कसं म्हणायचं? त्या भीतीपोटी आपण बाहेरून शब्द चिकटवत जातो: रिक्वेस्ट, काइंडली, प्लीज, हम्बली. तुमच्या एकाच वाक्यात यातले तीन आहेत.

रातराणी
अगदी असंच होतं! 'गिव्ह' लिहिल्यावर बोट पुढे जाईना, म्हणून मागे जाऊन 'प्लीज' घातलं. तरी धड वाटेना, मग 'काइंडली' घातलं.

उंबरठा
दोन गोष्टी लक्षात घेतल्या तर ती भीती कमी होते. पहिली म्हणजे, इंग्रजीतला 'यू' मुळात अनेकवचनी आहे. एकट्या माणसासाठी 'दाऊ' होतं, तो त्यांचा 'तू'. आदराने एकाच माणसाला 'यू' म्हणायची रीत पडली आणि पुढे 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून गेलंच. म्हणून तर एका माणसाशी बोलतानाही 'यू आर' म्हणतात, 'यू इज' म्हणत नाहीत. आपल्या 'आपण आहात'सारखंच ते. म्हणजे 'यू' लिहिलंत तेव्हाच तुम्ही अहो-जाहो केलेलं असतं.

दुसरी गोष्ट 'आवे'ची. त्याला इंग्रजीत जागा आहे, पण ती 'काइंडली'त नाही, 'कुड यू' आणि 'वुड यू'मध्ये आहे. 'आपण पाहावे' म्हणजे 'कुड यू लुक अ‍ॅट'. तो एकदा आला की मऊपणाचं काम झालं. त्यावर 'रिक्वेस्ट' नको, 'काइंडली' तर नकोच. इंग्रजी मातृभाषा असलेल्या बऱ्याच जणांना 'काइंडली' पाटीवरच्या सूचनेसारखं लागतं, 'काइंडली रिफ्रेन फ्रॉम स्मोकिंग' म्हणतात ना, तसं. तुम्ही वाकून बोलताय आणि समोरच्याला करड्या आवाजातली ताकीद ऐकू येते.

सातारी कंदील
हे 'यू आर'चं कधी लक्षात आलं नव्हतं. पण मग 'रिस्पेक्टेड' काढून 'डिअर' लिहायचं? आपल्या बाईंना 'प्रिय' म्हणायचं?

उंबरठा
'डिअर' म्हणजे 'प्रिय' असं आपण शाळेत पाठ केलं, तिथे घोळ झाला. पत्राच्या माथ्यावरच्या 'डिअर'मध्ये जिव्हाळा उरलेला नाही. कर वसूल करणाऱ्या खात्याचं पत्रही 'डिअर'नेच सुरू होतं. उलट 'रिस्पेक्टेड' हे संबोधन तिकडे चालत नाही, त्यांना ते विशेषण वाटतं. आणि नाव माहीत असताना 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' लिहिणं तिकडे परकेपणाचं. नाव ठाऊक नसेल तेव्हा ते वापरायचं, अशी ब्रिटिश पत्रांची रीत आहे. पदवी आणि आडनाव लावून 'डिअर डॉक्टर अमुक' लिहा. त्यांनी स्वतः नुसत्या पहिल्या नावाने सही केली तर पुढच्या वेळी तुम्हीही पहिलं नाव वापरू शकता.

आता रातराणी, एक सांगा. त्यांनी अहवालाचं नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटत होतं?

रातराणी
अहवाल 14 पानांचा आहे. पण माझी अडचण खर्चाच्या भागापुरती आहे, दोन पानं. त्यातले दुसऱ्या वर्षाचे आकडे बरोबर आहेत की नाही, याची मला खात्री नाही. आणि गुरुवारी तो पुढे द्यायचा आहे.

उंबरठा
यातलं एक अक्षर मेलमध्ये नाही. 'गिव्ह युअर व्हॅल्युएबल गायडन्स' या वाक्याने त्यांना 14 पानं वाचायला लावली आणि काय शोधायचं तेही सांगितलं नाही. 'मार्गदर्शन करावे' हे मराठीत विनयाचं वाक्य आहे. ऐकणारा त्यातून 'काही असेल तर सांगा' एवढंच घेतो. इंग्रजीत मात्र ते खरंखुरं काम मागतं, आणि कोणतं काम ते सांगत नाही. त्यांचं उत्तर रागाचं नव्हतं. त्यांनी खरोखरच विचारलं होतं.

मी असा लिहीन: 'डिअर डॉक्टर अमुक, द ड्राफ्ट रिपोर्ट इज अटॅच्ड. कुड यू लुक अ‍ॅट द टू पेजेस ऑन कॉस्ट बिफोर थर्सडे? आय अ‍ॅम नॉट शुअर द फिगर्स फॉर द सेकंड यिअर आर राइट. द रेस्ट कॅन वेट. मेनी थँक्स.'

'सॉरी फॉर द डिस्टर्बन्स' काढलं, कारण त्यांचा वेळ आता खरंच वाचतोय, 14 पानांची दोन झाली. 'एक्स्क्यूज एनी मिस्टेक' काढलं, कारण चूक कुठे असू शकते ते तुम्ही बोट ठेवून सांगितलंय. आपलं 'चूकभूल द्यावी घ्यावी' इंग्रजीत पोचतं ते असं. 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन'ही गेलं. आधीच आभार मानले की होकार गृहीत धरल्यासारखा होतो.

कोरा कागद
आता कळलं, मी वेगळंच उत्तर देत होतो. माझ्याकडून एक भर घालतो. मला रोज असे मेल येतात आणि बहुतेक मी फोनवर पाहतो. पडद्यावर विषय आणि पहिली ओळ दिसते. पहिली ओळ 'होप यू आर इन गुड हेल्थ' असली की मेल न उघडता काहीच कळत नाही, आणि तो संध्याकाळपर्यंत राहून जातो. पाठवण्याआधी विषय आणि पहिल्या दोन ओळी सोडून बाकी हाताने झाका. मागणी दिसली नाही तर मेल पुन्हा लिहा.

गावठाण
मी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कार्यालयात आहे. वरच्या कार्यालयाशी काही पत्रव्यवहार इंग्रजीत होतो. एका शिबिरात असंच शिकून आलो आणि 'कुड यू प्लीज अप्रूव्ह' असं लिहून पाठवलं. साहेबांनी बोलावून विचारलं, 'हे काय मित्राला लिहिलंय का?' मसुदा परत आला, वर लाल शाईने 'फॉर काइंड अप्रूव्हल' लिहून. ते साहेबही मराठीच. मी तेव्हापासून पुन्हा जुनंच लिहितो.

उंबरठा
तुमचा अनुभव मी खोडून काढणार नाही. तिथे 'काइंड' हा आदराचा शब्द राहिलेलाच नाही, तो फायलीचा शिक्का झालाय. शिक्का नसला तर कागद पुढे सरकत नाही. अशा ठिकाणी शेवटच्या ओळीत एकदा 'फॉर काइंड अप्रूव्हल' ठेवा. पण कशाला मान्यता, किती रकमेला आणि कधीपर्यंत, हे त्याआधी सुटसुटीत लिहा. 'सर' सुरुवातीला एकदा आला की पुरे. वाक्यावाक्याला लागत नाही.

सातारी कंदील
मला हे पटत नाही. समोरचा मराठी असेल तर आपली रीत इंग्रजीतही चालू द्यावी. भारतातली इंग्रजी ही आपलीच भाषा झाली आहे. एडिनबरोच्या कानाला काय वाटतं, यावर नागपूरने नाशिकला कसं लिहावं हे का ठरावं?

उंबरठा
याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. नागपूर-नाशिकमध्ये 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं म्हणून काही बिघडत नाही, हे मान्य. माझा आक्षेप त्या भरतीखाली मागणी दडते एवढ्यापुरता आहे. आणि ती नाशिकलाही दडते.

रातराणी
काल दुपारी दुसरा मेल पाठवला, जवळपास उंबरठा यांनी लिहिला तसाच. 'कुड यू'नंतर 'प्लीज' घातलंच, ते काढवेना. दीड तासात उत्तर आलं: दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांना जुना विनिमय दर लागलाय, बाकी दोन्ही पानं ठीक. खाली नुसत्या पहिल्या नावाची सही. आभाराचं उत्तर लिहायला बसले, 'डिअर'पुढे त्यांचं नाव टाइप केलं, खोडलं, आणि पुन्हा 'डॉक्टर' लावूनच पाठवलं.

उंबरठा
चालेल. 'प्लीज'ही राहू द्या, 'कुड यू'शेजारी एक 'प्लीज' तेही लिहितात.