मदत हवी: 'उध्वस्त' चूक कसं काय?

घाईतला_उमेदवार: उत्तरतालिकेत उध्वस्त चूक दिलंय. पेपरात तर रोज असंच छापून येतं. हरकत घेऊ का? लवकर सांगा, आज शेवटचा दिवस आहे.

सातारकर: पर्याय कोण देणार? आणि प्रश्न शुद्ध शब्दाचा होता की जोडाक्षर फोडायचा?

घाईतला_उमेदवार: शुद्ध शब्दाचा. उध्वस्त, उद्ध्वस्त, उद्वस्त, उध्द्वस्त. तालिकेत दुसरा.

मुळाक्षर: सोपं आहे, सावकाश म्हणून बघा. जसं ऐकू येतं तसं लिहायचं.

निवृत्त_मास्तर: मग 'उज्ज्वल'मधले दोन ज ऐकू येतात का तुम्हाला? इथे कान कामाचा नाही, संधी सोडवा. उत् + ध्वस्त. पुढे ध आला म्हणून त् चा द् झाला. 'ध्वस्त'मधला ध्व तसाच राहिला, म्हणून द् + ध् + व. पहिल्या पर्यायात द् गळलाय, तिसऱ्यात ध् गळलाय, चौथ्यात दोघांची अदलाबदल झालीय. हरकत घेऊन काही मिळणार नाही.

मुळाक्षर: चौथ्यासाठी संधी कशाला? जड अक्षर जोडाक्षरात आधी येतच नाही.

निवृत्त_मास्तर: 'अभ्यास' आणि 'मध्य' कुठे जाणार मग? एकाच वर्गातली हलकी-जड जोडी असेल तर हलकं आधी: शुद्ध, स्वच्छ, पद्धत. 'पध्दत' लिहिलेलं दिसलं की लगेच खोडायचं.

टायपिंगवाला: युनिकोडमध्ये द, हलन्त, ध असं टाइप करा. खात्री करायची तर कर्सर द्ध च्या शेवटी ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा. द् उरला तर बरोबर, ध् उरला तर उलटं टाइप झालंय.

घाईतला_उमेदवार: परीक्षेत बॅकस्पेस कुठून आणू?

सातारकर: जुन्या छपाईत द च्या पोटाखाली ध लटकवतात, तो घ सारखा दिसतो. तिथे वरचं आधी, खालचं नंतर. माझ्या पुतणीने 'बुद्धी' फोडताना द् + घ् लिहून गुण घालवला.

निवृत्त_मास्तर: फोडायला आलं तर उ + द् + ध् + व् + अ + स् + त् + अ. व्यंजनं ५, स्वर ३. मुलं मधला अ विसरतात आणि मग मोजणी चुकते.

मुळाक्षर: पण जोडाक्षरं किती धरायची? मी तीन म्हणेन, द्ध, ध्व आणि स्त.

निवृत्त_मास्तर: दोन. द्ध्व हे तीन व्यंजनांचं एकच जोडाक्षर आहे.

मुळाक्षर: आमच्या क्लासच्या नोट्समध्ये तीनच आहेत.

घाईतला_उमेदवार: ते भांडण नंतर. हरकत नाही घेत. 'महत्व'चं पण असंच आहे का? तो प्रश्नही चुकलाय.

निवृत्त_मास्तर: महत् + त्व, दोन त. 'नेतृत्व'मध्ये मात्र एकच, कारण नेतृ + त्व. चारही पर्याय टाका आधी.