डेप्थ कॅमेरा आहे, तर खाली बघणारे सेन्सर कशाला?

गिरगावचा_गणू
ऑफिसात फायली पोचवणारा छोटा रोबो बनवतोय. जागा फोर्टमधल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लॉबीतून जिना थेट खाली उतरतो, मध्ये दार नाही. रोबोच्या पुढच्या कडेला, जमिनीपासून २५ सेंमीवर रिअलसेन्स डी४३५ बसवलाय, ३०° खाली वाकवून. वेग जास्तीत जास्त सेकंदाला ०.४ मीटर. कॅमेऱ्याला जमीन दिसतेय, मग तळाला वेगळे क्लिफ सेन्सर लावणं म्हणजे वायरींचा फुकटचा गुंता, असं माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगा.

सोल्डरची_धार
लावाच. सरळ वाटणी करायची: अडथळे कॅमेऱ्याकडे, खड्डे सेन्सरकडे. शार्पचे ४ ते ३० सेंमीवाले चार सेन्सर लॅमिंग्टन रोडवरून आणा, दोन पुढच्या चाकांच्या ८ सेंमी पुढे आणि दोन मागे, खाली तोंड करून लावा. जमीन गेली की मोटर बंद. कॅमेऱ्याला खड्डा शोधायला लावू नका, त्याचं ते काम नाही.

खोलीचा_हिशेब
सोल्डर, अर्धंच बरोबर. ०.४ च्या वेगाने जाताना ब्रेक ०.५ मी/से² असेल तर नुसतं थांबायलाच १६ सेंमी लागतात. तुमचा सेन्सर ८ सेंमी आधी ओरडणार, म्हणजे पुढची चाकं हवेत गेल्यावर रोबो थांबणार. या वेगाला लांबून बघणारा कॅमेराच हवा. चित्र येऊन निर्णय व्हायला पाव सेकंद धरा, त्यात आणखी १० सेंमी जातात. एकूण २६.

पण गणू, तुमच्या मनात 'कॅमेऱ्याला पायऱ्या दिसतील' असं असेल तर तेही खरं नाही. पायरी १७ सेंमी उंच आणि २५ सेंमी रुंद धरा. जिन्याचा उतार साधारण ३४° झाला. कड ५० सेंमीवर असताना कॅमेऱ्याची नजर त्या कडेवरून फक्त २७° ने खाली जाते. म्हणजे ती सगळ्या पायऱ्यांच्या वरून निघून जाते आणि समोरच्या भिंतीला किंवा खालच्या चौकाला लागते. कड ३७ सेंमीच्या आत आल्यावरच पायऱ्यांची टोकं दिसू लागतात. तेव्हा 'खड्डा शोध' असा प्रोग्राम लिहूच नका. 'जिथे जमीन असायला हवी तिथे ती आहे का' एवढंच विचारा. प्रत्येक पिक्सेलची जमिनीपासूनची उंची अशी निघते:

```python
# z: depth (m), vn = (v - cy)/fy, h = 0.25, th = radians(30)
H = h - z*(np.sin(th) + vn*np.cos(th))
unknown = (z == 0)
obstacle = (H > 0.02) & ~unknown
drop = (H < -0.03) & ~unknown
```

`cy` आणि `fy` कॅमेऱ्याकडूनच वाचून घ्या, अंदाजाने टाकू नका.

माहीमची_मावशी
माझी अडचण जिन्याची नाही. आमच्या घरी बाथरूम फक्त २ सेंमी खाली आहे आणि रोबो बिनदिक्कत आत जाऊन फसतो. वरच्या प्रोग्रामात –०.०३ च्या जागी –०.०१५ टाकलं की झालं ना?

खोलीचा_हिशेब
मावशी, टाकून बघा, पण मग रोबो मोकळ्या जमिनीवरही थांबायला लागेल. कॅमेऱ्याचा कोन नुसता १° चुकला तर १ मीटरवरची जमीन पावणेदोन सेंमी वर किंवा खाली दिसते. ब्रेक लागला की छोटा रोबो एवढी मान सहज झुकवतो. म्हणून १.५ सेंमीची कसोटी फक्त जवळच्या अर्ध्या मीटरपर्यंत लावा. तिथे तीच चूक ९ मिमीच होते.

दर फ्रेमला जमिनीचं प्रतल नव्याने बसवलं तर मान झुकल्याचा त्रास बराच कमी होतो, फक्त त्याला मोकाट सोडू नका. जिन्याच्या तोंडाशी चित्रातला मोठा भाग खालच्या चौकाचा असला तर प्रोग्राम चौकालाच जमीन ठरवून बसेल. मूळ मोजमापापासून २° किंवा २ सेंमीपेक्षा जास्त सरकलेलं प्रतल नाकारायचं.

चकचकीत_लादी
कागदावर सगळं छान आहे हो. प्रत्यक्षात लॉबीत पॉलिश केलेलं ग्रॅनाइट असतं, पावसाळ्यात त्यावर छत्र्यांचं पाणी. कॅमेऱ्याला लादीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं आणि दोन्ही डोळे जमिनीऐवजी तेच जुळवतात. मग H येतो उणे दोन मीटर. रोबो प्रत्येक दिव्याखाली 'जिना आला' म्हणून उभा राहणार. कॅमेऱ्याचे भक्त हे कधी बोलत नाहीत.

खोलीचा_हिशेब
मुद्दा रास्त आहे, पण असा खोटा खड्डा ओळखता येतो. रोबो पुढे सरकला की तो जमिनीवर त्याच्याबरोबर सरकतो. खरी कड नकाशात जागच्या जागी राहते. दहा सेंमी हळू पुढे जाऊन कड किती हलली ते ओडोमेट्रीशी ताडून बघायचं. कॅमेरा जास्त खाली वाकवला तरी प्रतिबिंब फिकं पडतं, पण तेवढी लांबची नजर कमी होते.

गिरगावचा_गणू
प्रतिबिंबाचं कळलं. पण काळ्या पायपुसण्यावर मला z थेट शून्य मिळतोय. ती भोकं `hole_filling_filter` लावून बुजवली तर चालेल?

खोलीचा_हिशेब
अजिबात नको! तो फिल्टर भोकाच्या शेजारचे आकडे उचलून आत भरतो. जिन्याच्या कडेला शेजारी काय असतं? जमीन. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने खड्ड्यावर लादी बसवताय.

दुसरं, हे बिंदू नॅव्ह२ च्या नेहमीच्या अडथळ्यांच्या थरात तसेच ढकलले तरी उपयोग नाही. जमिनीखालचे बिंदू तो थर उंचीच्या मर्यादेमुळे सोडून देतो. `depthimage_to_laserscan` तर चित्राची एक आडवी पट्टीच घेतो. जमीन जिथे संपते त्या कडेवर खोटे 'अडथळ्याचे' बिंदू ठेवून ते वेगळ्या टॉपिकवर पाठवा. त्या टॉपिकला पुसायचा अधिकार देऊ नका, नुसता खुणा करायचा द्या.

सोल्डरची_धार
मग शून्य आलं तर रोबोने करायचं काय? थांबायचं? प्रत्येक पायपुसण्यापुढे नमस्कार घालत?

खोलीचा_हिशेब
इथे तुमचे सेन्सर कामाला येतात. शून्य आलं की वेग ०.२ वर. त्या वेगाला थांबायला ४ सेंमी पुरतात, ८ सेंमी पुढचा सेन्सर वेळेत सांगतो. शिवाय कॅमेऱ्याला रोबोसमोरची पहिली १५ सेंमी जमीन दिसतच नाही, आणि मागे तर काहीच नाही. मागे येताना किंवा जागच्या जागी वळताना मागचे दोन सेन्सरच राखणदार. ते जमिनीपासून ६-७ सेंमीवर बसवा. शार्प ४ सेंमीच्या आत गेला की आकडा उलटा फिरतो आणि जवळची जमीन लांब दिसते.

चकचकीत_लादी
आणि जिन्याची वरची पायरीच काळ्या चकचकीत ग्रॅनाइटची असली तर? कॅमेरा शून्य देणार, ओल्या दगडावर खालचा सेन्सरही भलतंच सांगणार. दोन आंधळे मिळून एक डोळस होत नाही.

खोलीचा_हिशेब
खालचा सेन्सर सरळ खाली बघतो. त्या कोनात ओला दगडही थोडा प्रकाश परत देतो, आणि नाहीच दिला तर तो 'जमीन नाही' म्हणेल. चूक झाली तरी थांबण्याच्या बाजूने.

चकचकीत_लादी
थांबला म्हणजे लॉबीत अडकला. फायली कोण नेणार, शिपाईच ना?

गिरगावचा_गणू
चार सेन्सर आणतो. पण मागच्या दोघांसाठी तळाला जागा नाही, बॅटरी आडवी येते. रोबोला मागे जायची बंदीच घातली तर?

सोल्डरची_धार
जागच्या जागी वळताना मागचा कोपरा बाहेर फिरतोच की. बॅटरी सरकवा.