शब्दचर्चा : 'अखेर एकदाची नोकरी लागली' यातलं खटकतंय काय?

काजळरेघ : मैत्रिणीला नोकरी मिळाली. मधले बरेच महिने तिच्या हाताला काम नव्हतं. ती इमारतींचे आराखडे काढते. आज पहिल्या दिवशी नव्या टेबलापाशी काढलेला फोटो तिने मला पाठवला आणि तो मी माझ्या पानावर टाकणार आहे. खाली मी लिहिलं होतं, "अखेर एकदाची नोकरी लागली! तूही कामाला लागलीस, तुझ्या जिद्दीला सलाम." टाकण्याआधी वाचून पाहिलं आणि हात थांबला. आनंद सगळा आहे, पण प्रत्येक शब्द मागच्या महिन्यांकडे बोट दाखवतोय असं वाटलं. ते महिने तिला आज आठवायला नकोत. नेमका कोणता शब्द काढू?

रानवाट : अभिनंदन तिचं! "संघर्षाच्या काळोखातून उगवली यशाची पहाट" असं लिहा. भारदस्त वाटेल.

काजळरेघ : आभार, पण काळोखच तर नकोय मला.

जुनीवही : तुमचा हात थांबला ते बरोबरच झालं. पहिला दोषी 'एकदाची'. 'एकदाचा पाऊस आला', 'एकदाचे पाहुणे गेले', 'एकदाचं काम उरकलं' ही वाक्यं म्हणून पाहा. सुटकेचा श्वास कोणाचा आहे? बोलणाऱ्याचा. पाऊस काही सुटलेला नसतो, सुटलेले असतो आपण. तुमच्या लेखणीतून 'एकदाची लागली' आलं की वाचणाऱ्याला ऐकू येतं, 'चला, आम्ही सुटलो.' मैत्रिणीने स्वतः "लागली बाई एकदाची!" म्हटलं तर तोच शब्द गोड लागतो, कारण वाट तिने पाहिली आणि सुटकाही तिचीच. ती तसं म्हणाली तर खाली तुम्ही खुशाल हसा. पण सुरुवात तिने करावी.

'अखेर'मध्ये एवढा कंटाळा नाही, पण तो वाट पाहण्याची नोंद ठेवतो. 'अखेर' वाचलं की 'किती दिवसांनी?' हा प्रश्न मनात आलाच.

पेनशाई : माझ्या मते खरी अडचण 'लागली'मध्ये आहे. लॉटरी लागते, नंबर लागतो, तशी नोकरी लागते. म्हणजे कर्तबगारी शून्य, सगळं नशीब. 'मिळवली' लिहा.

जुनीवही : अर्धं पटलं. 'तिला नोकरी लागली' या वाक्यात ती करणारी नाही, तिच्या बाबतीत काहीतरी घडलंय, हे खरं. पण म्हणून 'लागली' कमीपणाचा होत नाही. पहिल्याच मुलाखतीत निवड झालेल्यालाही आपण 'नोकरी लागली' असंच म्हणतो. 'मिळवली'ने कर्तेपण येतं, पण सोबत झटापटही येते. मिळवलं म्हटलं की सहज हाती येत नव्हतं हे ओघानेच आलं. म्हणून मी दोन्ही टाळून 'रुजू झाली' घेईन. त्यात ती कर्ता आहे आणि नजर आजच्या दिवसावर आहे. नोकरी कशी आली, किती दिवसांनी आली, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही.

पेनशाई : 'रुजू' छान आहे. 'रुजणे'वरूनच आलाय ना? नव्या मातीत रोप रुजावं तसा.

जुनीवही : कल्पना सुंदर, पण नातं तसं नाही. 'रुजू' अरबीतून आलेला, दफ्तरातला शब्द. हिशेब ताडून पाहणं या अर्थाची 'रुजवात' त्याच घरची. तिलाही हल्ली लोक 'रुजणे'शी जोडून मुहूर्तमेढीच्या अर्थाने वापरतात. गंमत म्हणजे अरबीत मूळ अर्थ परतणे, माघारी वळणे असा आहे.

काजळरेघ : अरे बापरे, म्हणजे 'परत आली' असंच झालं की!

जुनीवही : नाही, घाबरू नका. मराठी वाचकाच्या कानाला 'रुजू'मध्ये परतणं मुळीच ऐकू येत नाही. शब्द कुठून आला यापेक्षा आज कानाला काय ऐकू येतं ते पाहायचं. 'पुन्हा' आणि 'परत' मात्र उघड ऐकू येतात, ते नकोतच.

सांजवारा : मी त्या बाजूला उभी राहिलेली आहे, म्हणून सांगते. मला काम मिळालं तेव्हा एका मैत्रिणीने लिहिलं, "तूही आता नोकरीवाली झालीस!" तिच्या मनात काही नव्हतं. पण त्या 'ही'ने मी एका रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले. बाकीच्या सगळ्या आधीच पोचल्या होत्या. त्यात 'आता'ची भर. ती ओळ मी किती वेळा वाचली असेन! तुमच्या मजकुरातलं 'तूही कामाला लागलीस' मला त्याहून टोचतं. 'कामाला लाग' हे आपण रिकामं बसलेल्याला दटावताना म्हणतो.

काजळरेघ : हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. 'तूही' गेलं, 'कामाला लागलीस' गेलं. 'जिद्दीला सलाम' तरी ठेवू का?

सांजवारा : नको. जिद्द कशासाठी लागली, हे वाचणारा विचारणारच.

थेटबोल : मला हे सगळं पटत नाही. माझ्या भावाला काम मिळालं तेव्हा 'कष्टाचं चीज झालं' असं मी लिहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्या महिन्यांबद्दल अवाक्षरही काढायचं नाही, म्हणजे ते लाजिरवाणे होते असं आपणच ठरवतो.

सांजवारा : भावाला ते हवं होतं, मला नको होतं. शिवाय पानावर लिहिलेलं तिच्या नव्या ऑफिसातलेही वाचतील. जवळ बसून 'चीज झालं' म्हणणं वेगळं आणि सगळ्यांपुढे वेगळं.

थेटबोल : सगळ्यांपुढचं मान्य. पण गप्प राहणं म्हणजेच मान राखणं, हे मी मान्य करणार नाही.

जुनीवही : तो निर्णय मैत्रिणीचा, शब्दकोशाचा नाही. काजळरेघ, तुम्ही नोकरीऐवजी तिच्याबद्दल एक वाक्य लिहा. काम करताना ती कशी असते?

काजळरेघ : तिच्या आराखड्यात एक रेघ वाकडी सापडत नाही. जिन्याची पायरी अर्ध्या बोटाने चुकली तरी ती सगळा कागद पुन्हा काढते.

जुनीवही : मग झालंच की. 'सापडत नाही' हा नेहमीचा वर्तमानकाळ पाहा. काल सापडत नव्हती, उद्याही सापडणार नाही. मधले महिने त्याच्या पोटात आपोआप जातात आणि कुठे खंड दिसत नाही. 'नवी' या शब्दाचंही तसंच. एक नोकरी सोडून दुसरी धरणाऱ्यालाही आपण 'नवी नोकरी' म्हणतो. ही तिची पहिलीच नोकरी असती, तर मात्र मी 'नवी' लिहिलं नसतं.

काजळरेघ : पहिली नाही. मग असं लिहू? "जिच्या आराखड्यात एक रेघ वाकडी सापडत नाही, ती आजपासून नव्या टेबलावर रुजू. अभिनंदन गं!"

पेनशाई : 'आजपासून' म्हटलं की कालपर्यंत नव्हती, हे आलंच ना?

जुनीवही : मला तसं ऐकू येत नाही. 'आता' हा कालच्या तुलनेत उभा राहतो, 'आजपासून' फक्त तारीख सांगतो. तरी शंका असेल तर 'सोमवारपासून' म्हणा. वाराला भूतकाळ चिकटत नाही.

सांजवारा : मला 'आजपासून'च आवडलं. 'गं' तर काढूच नका.

काजळरेघ : 'आजपासून' ठेवलं. टाकण्याआधी ओळ तिला पाठवली. तिचं उत्तर आलं, "रेघ खरंच वाकडी नसते. टाक."